बेरीज जुळली, तरी माल चुकला: फिकट रेषांच्या बिलाच्या फोटोतून ओळी कशा वाचायच्या

निपाणीत एका हार्डवेअरच्या दुकानाचं खरेदीखातं मी सांभाळतो. माल बराचसा कोल्हापुरातून येतो, थोडा बेळगावातून, कधी हुबळीहून. टेम्पोवाला पेट्या उतरवतो, खिशातून घडी घातलेलं बिल काढून काउंटरवर ठेवतो आणि निघून जातो. दुकानातला पोरगा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवतो. त्या फोटोतून मालाचं नाव, नग, दर, सूट आणि रक्कम वाचून स्टॉकमध्ये टाकणारा एक लहानसा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. बिलं डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, त्यात आपल्या हातात येते ती कार्बनखालची प्रत. रेषा इतक्या फिक्या की कागद उजेडाकडे तिरका धरला तरच दिसतात.

एका सोमवारी दुकानदार काकांचा फोन आला. "व्हॉल्व्ह शंभर दाखवायलंय रे तुझं मशीन. मी स्वतः मोजून घेटलो की, बारा आलेत." मी नोंद उघडली. बॉल व्हॉल्व्ह, शंभर नग, दर नऊ रुपये. नऊ रुपयांत व्हॉल्व्हची मूठसुद्धा येत नाही. पण माझ्या प्रोग्रॅमने या बिलावर हिरवी खूण केली होती. नग गुणिले दर वजा सूट, प्रत्येक ओळीत बरोबर. सगळ्या रकमांची बेरीज बिलाच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळलेली. तरीही मालाची नोंद सपशेल चुकीची होती.

हे कसं झालं ते समजलं की फोटोतलं बिल वाचण्यातली मुख्य अडचण समजते. म्हणून हे एकच बिल घेऊन सांगतो. कागदावर प्रत्यक्षात असं होतं, त्यात एचएसएन म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक:

| क्र. | माल | एचएसएन | नग | दर | सूट % | रक्कम |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | एल्बो २० एमएम | ३९१७ | ६० | १४.५० | २० | ६९६.०० |
| २ | टी २५ एमएम | ३९१७ | ४० | २३.०० | २० | ७३६.०० |
| ३ | कपलर २० एमएम | ३९१७ | १०० | ९.०० | २० | ७२०.०० |
| ४ | बॉल व्हॉल्व्ह २५ एमएम हेवी | ८४८१ | १२ | १४५.०० | १५ | १४७९.०० |
| ५ | पाइप २५ एमएम ३ मीटर | ३९१७ | १८ | २१०.०० | २० | ३०२४.०० |
| ६ | सॉल्व्हंट सिमेंट १०० एमएल | ३५०६ | २४ | ६२.०० | | १४८८.०० |

बेरीज ८१४३.००, त्यावर १८ टक्के आयजीएसटी १४६५.७४, आणि पूर्णांक करून ९६०९ रुपये.

व्हॉल्व्हच्या नावापुढे कपलरचे आकडे आले होते. कपलरपुढे टीचे आणि पाइपपुढे व्हॉल्व्हचे. सगळे आकडे मिळून एक ओळ खाली सरकले होते. पहिल्या एल्बोला आकडेच मिळाले नाहीत म्हणून प्रोग्रॅमने तो सोडून दिला, आणि शेवटच्या २४ नगांची ओळ नावाशिवाय नोंदली गेली. एकही आकडा हरवला नाही, एकही आकडा बदलला नाही. मग बेरीज चुकणार कुठून? नग, दर, सूट आणि रक्कम एकत्रच सरकले, त्यामुळे गुणाकारही चुकला नाही. माझ्या दोन्ही तपासण्या आकडे आपापसात जुळतात का एवढंच विचारत होत्या. हे आकडे या मालाचे आहेत का, हे कोणीच विचारत नव्हतं.

आता हे सरकणं होतं कसं ते पाहू. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, आपल्याला तक्ता देत नाही. तो सुटे शब्द देतो, आणि प्रत्येक शब्दाभोवतीच्या चौकोनाची जागा देतो: डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. मी टेसरॅक्ट वापरतो. त्याला असं सांगितलं की ही सगळी यादी फाइलमध्ये मिळते:

```
tesseract bill.png bill --psm 11 tsv
```

इथला `--psm 11` महत्त्वाचा आहे. तो नसेल तर टेसरॅक्ट पानाची मांडणी स्वतःच ठरवतो आणि रकान्यांचं बिल दिसलं की कधी कधी अख्खा रकाना हा एक परिच्छेद समजून वरून खाली वाचत जातो. ११ दिलं की तो मांडणीचा नाद सोडतो आणि सापडतील तेवढे शब्द त्यांच्या जागेसकट देतो. ओळी लावायचं काम मग आपलं. माझ्या मते ते आपल्याकडेच असलेलं बरं, कारण बिल कसं असतं हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही.

ओळी लावण्याची पहिली सुचणारी रीत म्हणजे सारख्या उंचीवरचे शब्द एका ओळीत धरायचे. सपाट स्कॅनरवर काढलेल्या चित्राला ती चालते. फोटोला चालत नाही. आमचं बिल मधोमध उभी घडी घालून खिशातून आलेलं. पोरग्याने ते उलगडून काउंटरवर ठेवलं, उजवा अर्धा भाग टेकला आणि डावा अर्धा थोडा उचललेलाच राहिला. मोबाइल तिरका असला की असा उचललेला भाग फोटोत कलंडलेला दिसतो. फोटो सरळ करणाऱ्या पायरीने जिथे शाई जास्त तो उजवा भाग बघून फोटो सरळ केला, आणि डाव्या भागात अडीच अंशांचा कल तसाच राहिला.

अडीच अंश डोळ्याला जाणवतसुद्धा नाहीत. पण हिशेब करून बघा. अनुक्रमांकाचा रकाना डावीकडून १८० पिक्सेलवर होता आणि घडी १२०० वर. मधलं अंतर १०२० पिक्सेल. अडीच अंशांच्या उताराने दर हजार पिक्सेलमागे सुमारे ४४ पिक्सेल चढउतार होतो. म्हणजे ओळ जिथे सुरू होते ती जागा, घडीपाशी तीच ओळ जिथे पोचते त्यापेक्षा जवळजवळ ४५ पिक्सेल वर. आणि या बिलात दोन ओळींमधलं अंतर होतं ४६ पिक्सेल. बरोबर एक ओळ. माझा प्रोग्रॅम अनुक्रमांकाची उंची हीच ओळीची उंची धरत होता. ४ या आकड्याच्या उंचीवरून सरळ उजवीकडे गेलं की घडीपलीकडे तिसऱ्या ओळीचे आकडे भेटत होते.

अर्धी ओळ सरकली असती तर निदान गोंधळ दिसला असता, काही शब्द इकडे, काही तिकडे गेले असते. पूर्ण एक ओळ सरकली की सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणूनच ही चूक घातक आहे.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो रेषांचा. फिकट असल्या तरी रेषा आहेत ना, मग त्या ठळक करू आणि चौकटी मिळवू. मी यात दोन महिने घातले. चित्रातल्या लांब आडव्या आणि उभ्या खुणा तेवढ्या उचलता येतात, त्याची साधनं तयार मिळतात. पण ती साधनं सरळ रेषा शोधतात आणि आपली रेषा घडीपाशी वाकलेली असते. कार्बनच्या प्रतीवर ती जागोजागी तुटलेलीही असते. शेवटी हातात येतात अर्ध्यामुर्ध्या चौकटी. रेषा अजिबात सापडल्या नाहीत तर निदान आपण दुसरा मार्ग धरतो. अर्ध्या सापडल्या तर दोन ओळी एका चौकटीत जातात आणि प्रोग्रॅम ते खरं मानतो. आणखी एक त्रास म्हणजे, नगाच्या रकान्याची उभी रेषा आकड्याला चिकटली की ओसीआर तिला १ समजतो आणि ६० चे १६० होतात. त्यामुळे आता मी रेषांमधून एवढंच घेतो: बिलाच्या मथळ्याखालची जाड रेषा आणि बेरजेवरची रेषा, म्हणजे मालाचा भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. आतल्या रेषांवर विसंबत नाही.

मग काय धरायचं? कागद वाकतो, पण फाटत नाही. घडीच्या डावीकडे ओळ जिथे संपते तिथूनच ती उजवीकडे सुरू होते. म्हणून ओळीच्या डाव्या टोकाची तुलना थेट उजव्या टोकाशी करायची नाही. एका शब्दावरून शेजारच्या शब्दावर, तिथून पुढच्यावर असं पावलापावलाने जायचं. दोन शेजारच्या शब्दांत साठ-सत्तर पिक्सेल अंतर असेल तर त्यात तीन पिक्सेलचा फरक पडतो, आणि ४६ च्या पुढे तीन म्हणजे काहीच नाही.

व्हॉल्व्हची ओळ यासाठी छान आहे, कारण नाव लांब आहे. "बॉल" या शब्दाच्या चौकोनाचा मध्य ९१२ उंचीवर होता आणि त्याच नावातल्या "हेवी" चा ९४१ वर. मधलं आडवं अंतर ६६० पिक्सेल. २९ भागिले ६६० म्हणजे ०.०४४. हा झाला डाव्या भागाचा उतार, कुठलीही रेषा न बघता नुसत्या छापील शब्दांवरून काढलेला. पाइप आणि सॉल्व्हंटच्या नावांवरूनही जवळपास हाच आकडा आला. उजव्या भागात एचएसएनपासून रकमेपर्यंत उतार जवळजवळ शून्य होता. उतार कुठे बदलतो ती आडवी जागा सगळ्या ओळींत एकच निघाली, १२०० च्या आसपास. फोटोत तिथे घडीची बारीक सावलीही होती. म्हणजे घडीच ती, यात शंका उरली नाही.

लांब नावाचं असं सोपं असतं. "टी २५ एमएम" हे नाव ५६० पिक्सेलवरच संपतं. तिथून घडीपर्यंत ६४० पिक्सेल कोरे आहेत, पाऊल टाकायला मधे शब्दच नाही. ६४० गुणिले ०.०४४ म्हणजे २८ पिक्सेल. ओळींतल्या अंतराच्या निम्मे होतात २३. म्हणजे "उंचीने सगळ्यात जवळचा आकडा" घेतला तर तो वरच्या ओळीचा निघणार. इथे शेजारच्या लांब नावाचा उतार उसना घ्यायचा. "एमएम" च्या उंचीत २८ मिळवले की घडीपलीकडे ही ओळ कुठे येईल ते कळतं, आणि तिथे पाहिलं की ४० नगांची ओळ अगदी समोर येते. मोजता आलेला उतार जिथे मोजता येत नाही तिथे वापरणे, एवढंच यात आहे. पण तो त्याच भागातला हवा. घडीच्या पलीकडचा उतार उसना घेतलात की पुन्हा तीच चूक.

कागदाला घडी नसेल आणि नुसता मोबाइल तिरका असेल, तर उतार वरून खाली हळूहळू बदलत जातो. मथळ्यापाशी एक, बेरजेपाशी दुसरा. तेव्हा दोन्ही ठिकाणी मोजून मधल्या ओळींना प्रमाणात वाटून द्यायचा:

```python
def saral_unchi(x, y):
    t = (y - y_var) / (y_khali - y_var)
    utar = utar_var + t * (utar_khali - utar_var)
    return y - utar * (x - x_dava)
```

प्रत्येक शब्दाची अशी सरळ केलेली उंची काढली की मग सारख्या उंचीचे शब्द एका ओळीत धरायला हरकत नाही. घडी असेल तर हेच डाव्या आणि उजव्या भागासाठी वेगवेगळं करायचं.

आता रकाने. ओळी खालीवर सरकतात तसे रकाने डावीउजवीकडे सरकतात. फोटो काढताना मोबाइलची वरची बाजू कागदापासून जास्त उचलली गेली की कागदाचा वरचा भाग अरुंद दिसतो आणि खालचा रुंद. आमच्या बिलात दराच्या आकड्यांची उजवी कड पहिल्या ओळीत १९०० वर होती आणि सहाव्या ओळीत १९३० वर. दर ओळीला सहा पिक्सेल. सहा ओळींत त्याने काही बिघडत नाही. पण तीस ओळींचं बिल घ्या. एकोणतीस सक १७४. शेवटच्या ओळीत दर २०७४ वर पोचतो, आणि सूट या रकान्याची उजवी कड वरच्या ओळीत २०६० वर होती. म्हणजे वर जिथे सूट होती तिथे खाली दर येऊन बसला. "२०६० च्या आसपास असेल ती सूट" असा नियम केला असेल तर बिलाच्या खालच्या भागात दर सुटीत जातो.

म्हणून रकान्याला एक जागा द्यायची नाही, एक तिरपी रेघ द्यायची. ज्या ओळींत सगळे आकडे आहेत अशा भरलेल्या ओळी आधी घ्या, त्यातल्या दराच्या आकड्यांच्या उजव्या कडांतून रेघ ओढा, सुटीच्या कडांतून दुसरी, रकमेच्या कडांतून तिसरी. उजवी कडच का? कारण हिशेबाच्या छापील बिलांत आकडे उजवीकडे टेकवलेले असतात. ९.०० आणि १४५.०० यांची डावी कड वेगळी, मध्य वेगळा, पण उजवी कड एकच. मालाच्या नावांचं उलट, त्यांची डावी कड धरायची. वरच्या मथळ्यातल्या शब्दांवरून रकान्याची जागा ठरवू नका. ते शब्द बहुधा मधोमध छापलेले असतात, आणि आधीच छापून आणलेल्या स्टेशनरीवर बिल मारलं असेल तर कागद प्रिंटरमध्ये थोडा सरकून बसला तरी सगळे आकडे मथळ्यापासून हलतात. मथळ्याकडून रकान्यांचा क्रम घ्यावा, जागा नाही.

या तिरप्या रेघांचा खरा उपयोग सहाव्या ओळीत दिसतो. सॉल्व्हंट सिमेंटला सूट नव्हती, जागा कोरी. माझा त्याही आधीचा, सगळ्यात पहिला प्रोग्रॅम एचएसएननंतरचा पहिला आकडा नग, दुसरा दर, तिसरा सूट, चौथा रक्कम असं मोजत होता. इथे तीनच आकडे आहेत, म्हणून त्याने १४८८ ही सूट धरली असती. रेघा वापरल्यावर प्रश्नच उरत नाही. सहाव्या ओळीत सुटीची रेघ २०९० वर येते, रकमेची २५८० वर, आणि १४८८.०० ची उजवी कड सापडली २५७६ वर. ती रक्कमच, सूट कोरी आहे.

आमच्या या भागात रकान्यांचा आणखी एक फेर आहे, तो सांगायलाच हवा. कोल्हापूरचा व्यापारी निपाणीच्या दुकानाला माल पाठवतो तेव्हा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येतो, म्हणून बिलावर आयजीएसटी लागतो. प्रत्येक ओळीपुढे कर छापणाऱ्या बिलात त्याचा एकच रकाना. हुबळीचा किंवा बेळगावचा व्यापारी तोच माल देतो तेव्हा सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन. कागद सारखाच दिसतो, कधी सॉफ्टवेअरही तेच असतं, पण रकाने एकाने वाढलेले. हे रकाने वाचायच्या आधीच कळू शकतं. व्यापाऱ्याच्या पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरं राज्याची असतात, महाराष्ट्राला २७ आणि कर्नाटकाला २९. बिलाच्या डोक्यावर २७ दिसलं की मी एकाच कराची रेघ शोधतो, २९ दिसलं की दोन, आणि दोन असतील तर दोन्हीत रक्कम सारखीच हवी.

आता तपासण्या. इथे मी सगळ्यात जास्त शिकलो.

गुणाकाराची तपासणी ठेवायचीच. ती आकडे एकमेकांचे आहेत का हे सांगते. ६० च्या जागी १६० वाचलं गेलं असतं तर १६० गुणिले १४.५० म्हणजे २३२०, त्यातून वीस टक्के वजा करून १८५६ आले असते, आणि कागदावर ६९६. लगेच सापडतं. टिंब हरवून १४.५० चे १४५० झाले तरी सापडतं. फक्त पैशापैशाचा आग्रह धरू नका. छापलेला दर जवळच्या पैशावर आणलेला असेल तर एका नगामागे अर्ध्या पैशापर्यंत फरक राहू शकतो. साठ नगांना तीस पैसे. मी नगांच्या संख्येप्रमाणे तेवढा फरक चालवून घेतो, त्याहून जास्त नाही. आणि गुणाकार चुकला तर प्रोग्रॅमने स्वतः आकडा दुरुस्त करू नये. कधी नग बदलूनही जुळतं आणि दर बदलूनही, दोन्हीपैकी खरं कोणतं ते कागदच सांगू शकतो.

बेरजेची तपासणीही ठेवायची, पण ती काय सांगते ते नीट ओळखून. ती फक्त रकमेच्या रकान्यातलं काही सुटलं नाही एवढं सांगते. नावांबद्दल ती अवाक्षर बोलत नाही.

नाव आणि आकडे यांची गाठ तपासायला वेगळं काहीतरी हवं. आमच्या बिलात ते आधीपासूनच होतं, मी वापरत नव्हतो. एचएसएन. प्लॅस्टिकच्या पाइप आणि फिटिंगचा ३९१७, नळ-व्हॉल्व्हचा ८४८१, चिकटवण्याच्या मालाचा ३५०६. एचएसएनचा रकाना घडीच्या उजवीकडे, आकड्यांबरोबर. नाव डावीकडे. म्हणजे एचएसएन आकड्यांबरोबर सरकला आणि नाव जागेवर राहिलं. चुकलेल्या नोंदीत बॉल व्हॉल्व्हपुढे ३९१७ होता, पाइपपुढे ८४८१ आणि सॉल्व्हंटपुढे ३९१७. तीन ओळी ओरडून सांगत होत्या. आता दुकानातल्या प्रत्येक मालाचा एचएसएन मी यादीत ठेवला आहे आणि नावाशी तो जुळला नाही की ओळ लाल होते.

याची मर्यादाही लगेच दिसते. पहिल्या तिन्ही ओळी ३९१७ च्या आहेत. बिल नुसत्या फिटिंगचं असतं तर एक ओळ सरकूनही एचएसएन गप्प राहिला असता. तिथे टोकांकडे बघायचं. पहिल्या नावाला आकडे नाहीत आणि शेवटच्या आकड्यांना नाव नाही, ही जोडी एकत्र दिसली तर ओळी सरकल्याच म्हणून समजा. लांबलेलं नाव दोन ओळींत छापलं असेल तर आकडे नसलेली ओळ असतेच, पण तिला अनुक्रमांक नसतो. अनुक्रमांक आहे आणि आकडे नाहीत, अशी ओळ छापील बिलात येत नाही. माझ्या प्रोग्रॅमने नेमकी तीच ओळ बिनबोभाट टाकून दिली होती, आणि बिननावाची ओळ तशीच नोंदली होती. आज तो दोन्हींपैकी काहीही झालं की थांबतो.

मोठ्या व्यापाऱ्यांच्या बिलावर आणखी एक आधार मिळतो. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानदारांना दिलेल्या मालाचं ई-इन्व्हॉइस करावं लागतं, आणि त्या बिलावर क्यूआर कोड असतो. तो वाचला की त्यात दोन्हीकडचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम `TotInvVal` आणि बिलात किती ओळी आहेत तो आकडा `ItemCnt` मिळतो. ओळींमधला तपशील त्यात नसतो, फक्त मुख्य मालाचा एचएसएन असतो. पण मोजणी करतानाही सांभाळा. आमच्या बिलाला क्यूआर असता तर `ItemCnt` सहा आला असता, आणि चुकलेल्या नोंदीतही आकड्यांच्या सहाच ओळी होत्या. नाव आणि आकडे दोन्ही असलेल्या ओळी मोजल्या तरच पाच भरतात आणि चूक कळते.

या सगळ्यावर मात करणारा एक साधा आधार म्हणजे मागची खरेदी. काकांना शंभर व्हॉल्व्ह खटकले ते याच आधारावर. व्हॉल्व्ह मागच्या वेळी १४२ ला आला होता, आता नऊला कसा येईल? प्रत्येक मालाचा मागचा दर ठेवा आणि नवा दर त्याच्या निम्म्याखाली किंवा दुपटीवर गेला की विचारा. फिटिंगच्याच बिलात, जिथे एचएसएन मुका होतो, तिथे हीच तपासणी कामाला येते. नवा माल पहिल्यांदाच आला असेल तर मात्र तिचा उपयोग नाही.

फोटो काढतानाच थोडं केलं तर निम्मा त्रास वाचतो, तेवढं पोरग्याला सांगून ठेवलं आहे. घडी उलट बाजूने एकदा दाबून मोडायची, बिलाच्या दोन्ही कडांवर वजनाचे दगड ठेवायचे, मोबाइल बिलाच्या बरोबर वर आडवा धरायचा. ट्यूबखाली न काढता दारापाशी, बाजूने उजेड येईल असा काढायचा, म्हणजे कार्बनची अक्षरं उठून दिसतात. पावसाळ्यात कागद दमट होऊन गोळा होतो, तेव्हा हे सगळं करूनही डावा भाग थोडा उचललेलाच राहतो.

तपासणीत अडकलेली ओळ मी काकांच्या मोबाइलवर पाठवतो, वाचलेले आकडे आणि शेजारी फोटोतली ती ओळ. सुरुवातीला मी फोटोची सरळ आडवी पट्टी कापून पाठवत होतो. काका बघून "बरोबर आहे" म्हणायचे आणि तरीही चूक राहायची. नंतर कळलं की सरळ पट्टीत डावीकडे व्हॉल्व्ह आणि उजवीकडे कपलरचे शंभर नग होते. प्रोग्रॅम जिथे फसला तिथेच मी माणसालाही फसवत होतो. आता पट्टी उताराच्या बाजूने कापतो, घडीपाशी वळवतो, आणि तिच्या वरची व खालची ओळसुद्धा अर्धी दिसेल एवढी उंच ठेवतो. मग काका स्क्रीनवर बोट ठेवून नावावरून आकड्यापर्यंत स्वतः जातात.